जुनी पानं पुन्हा लिहू नका, आधी पेटी मोजा

*ताई, मी आमच्या बचत गटाची सचिव. आम्ही बाराजणी आहोत. दर महिन्याच्या ५ तारखेला बैठक, बचत २०० रुपये, अंतर्गत कर्जाला महिन्याला शेकडा २ रुपये व्याज. गेल्या जूनपासून या जुलैपर्यंत १४ बैठका झाल्या, बचत कुणाचीच चुकली नाही. पण इतिवृत्तात मी दर वेळी एवढंच लिहीत आले: "सर्व महिलांनी बचत जमा केली, गरजू महिलेस कर्ज देण्यात आले, आभार मानून सभा संपली." फेब्रुवारीत एका ताईंना विहिरीवरच्या मोटरीसाठी १५,००० दिले. त्या म्हणतात, "मी व्याजासकट दोन हप्ते दिलेत, उरलेले सोयाबीन निघाल्यावर एकदम द्यायचं ठरलं होतं." बाकीच्या म्हणतात, १,५०० चे दहा हप्ते ठरले होते आणि एकही आला नाही. वहीत काहीच नाही. त्यात बँकेत कर्जासाठी गेलो तर साहेबांनी इतिवृत्त बघून वही परत दिली. आता आमच्या अध्यक्षा म्हणतात, नवी वही आण, चौदाही इतिवृत्तं नीट लिहून काढ, सह्या आम्ही करतो. तसं करू का? आणि यापुढे कसं लिहू? हिशेबाचा कागद आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.*
*— एक सचिव, लातूर जिल्हा*

ताई,

नवी वही आणू नका. अध्यक्षाबाईंचा हेतू वाईट नाही हे मला कळतंय, पण तसं केलंत तर आज जी उणीव आहे तिचं उद्या खोटेपण होईल. चौदा महिन्यांची पानं एका बैठकीत, एका पेनाने, एका दमात लिहिलेली असली की ती तशी दिसतात. बँकेतला माणूस रोज अशा वह्या बघतो. त्याने तुमचं नवं इतिवृत्त बँक पासबुकाशेजारी ठेवलं आणि तुम्ही लिहिलेला भरणा पासबुकातल्या भरण्याशी जुळला नाही, तर मग खऱ्या नोंदींवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

याहून मोठी अडचण त्या मोटरवाल्या ताईंची आहे. मागचं इतिवृत्त आज लिहायचं म्हणजे आठवणीतून लिहायचं, आणि अकराजणींची आठवण एकीच्या आठवणीवर मात करणार. जे त्यांनी कबूल केलं की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्याखाली त्यांची सही घेणार, किंवा त्या करणार नाहीत. दोन्हींत गट फुटतो.

आणि तुमची जुनी वही वाटते तितकी निरुपयोगी नाही. तिच्यात चौदा तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेखाली सह्या आहेत. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना कर्ज देण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्यात गट किमान सहा महिने चालू असला पाहिजे असं म्हटलंय, आणि हे सहा महिने गटाच्या स्वतःच्या दफ्तरावरून मोजायचे, बचत खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. म्हणजे तुमचा गट चौदा महिने बसतोय याचा पुरावा त्या मोडक्यातोडक्या वहीतच आहे. ती फाडायची नाही, बदलायची नाही. जिथं जुलैचं पान संपलं, त्याच्या पुढच्या पानावरून नीट लिहायला सुरुवात करायची.

आता वादाकडे येऊ. कोण खरं बोलतंय हे आठवणीला विचारत बसलात तर दिवाळी येईल. पैशाला विचारा. पैसा कुठून आला आणि कुठं गेला याचा मेळ घातला की बरंच आपोआप समोर येतं. तुमच्या कागदावरून मी तो मेळ घातला, तो इथं सावकाश मांडते, म्हणजे तुम्हाला तोच बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा करता येईल.

आधी आलेला पैसा. बाराजणी, २०० रुपये, चौदा महिने: बचतीचे ३३,६००. ऑक्टोबरात एकीला ५,००० दिले होते, ते तिने मार्चपर्यंत पाच हप्त्यांत फेडले आणि व्याजाचे ३०० दिले; ते ५,३००. मे महिन्यात दुसरीला ६,००० दिले, तिचे जून आणि जुलैचे हप्ते आले, मुद्दल २,००० आणि व्याज २२०. बँकेने खात्यावर व्याज टाकलं २४०. दंडाचा रकाना तुमच्या कागदावर कोरा आहे, म्हणजे दंड घेतलेला नाही. एकूण आले ४१,३६०.

आता गेलेला. तीन कर्जं मिळून २६,०००. वह्या, शिक्का, पेटी, बँकेत जायचं भाडं मिळून ६६०. गेले २६,६६०.

म्हणजे त्या ताईंनी एकही रुपया परत दिला नसेल, तर आज गटाकडे १४,७०० असायला हवेत. आहेत किती? पासबुकात १३,९०० आणि पेटीत २,६००, मिळून १६,५००. पुरे १,८०० रुपये जास्त आहेत.

आता हे १,८०० बघा. पंधरा हजाराचा पहिला हप्ता १,५००, आणि पंधरा हजारावर एका महिन्याचं शेकडा दोनने व्याज ३००. बेरीज बरोबर १,८००. दुसरा हप्ताही आला असता तर १,५०० आणि उरलेल्या १३,५०० वरचं व्याज २७०, असे आणखी १,७७० दिसायला हवे होते. ते दिसत नाहीत.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण नऊजणींच्या २०० रुपयांचेही १,८०० च होतात. कुणी आगाऊ बचत भरली असेल आणि ती लिहायची राहिली असेल, तर हाच आकडा दिसेल. म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीचं गटाचं पासबुक मागवा आणि त्यातले बचतीचे चौदा चौकोन मोजा. कुणाचे पंधरा भरले नाहीत ना, ते बघा. माझ्या मते तसं निघणार नाही, कारण तुमच्या झेरॉक्सवर आणखी एक खूण आहे. ६ मार्चला तुम्ही बँकेत ५,२०० भरलेत. ५ मार्चच्या बैठकीत बचतीचे २,४०० आणि ऑक्टोबरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता १,०२० एवढेच आले असते, तर हातात ३,४२० असते. फेब्रुवारीत १५,००० देताना पेटी रिकामी झाली होती असं तुम्हीच हिशेबाच्या कागदावर लिहिलंय. मग मार्चमध्ये ५,२०० कुठून आले? ३,४२० मध्ये १,८०० मिळवले की ५,२२० होतात. वरचे वीस पेटीत राहिले असतील. एप्रिलमध्ये मात्र भरणा फक्त २,४०० चा आहे, नुसत्या बचतीचा.

तेव्हा "एकही हप्ता आला नाही" हे बाकीच्यांचं म्हणणं बरोबर नाही, आणि "दोन दिले" यातला दुसरा पेटीपर्यंत पोचलेला नाही. त्या ताई खोटं बोलतात असा याचा अर्थ घेऊ नका. माझ्या अनुभवात असा हरवलेला हप्ता बहुतेक वेळा बैठकीबाहेर दिलेला असतो. बैठकीला जमलं नाही म्हणून बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी हातात दिला, त्या बाईने पदराला गाठ मारली आणि घरखर्चात तो गेला. मी ज्या गटाची वही सहा वर्षं लिहिली तिथं हे एकदा झालं. रेशनच्या रांगेत हप्ता घेणारी बाई आमचीच कोषाध्यक्ष होती. तिला खरंच आठवत नव्हतं. देणारीने जेव्हा सांगितलं की त्या दिवशी रांगेत तुझ्या मागे कोण उभं होतं, तेव्हा कुठं तिला आठवलं आणि तिने पुढच्या बैठकीत रक्कम भरली. तुम्हीही त्या ताईंना एवढंच विचारा: दुसरा हप्ता कोणत्या दिवशी, कुठं आणि कुणाच्या हातात दिला? दिला की नाही असा प्रश्न टाकू नका.

कुणी घेतल्याचं कबूल केलं तर ती रक्कम त्याच बैठकीत भरून घ्या आणि तसं लिहा. कुणालाच आठवलं नाही, तर गटाने तो हप्ता जमा धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जे पेटीत नाही ते जमा धरलं तर बाराजणींच्या बचतीतून ते गेलं. पण मग दंडही लावू नका. तारीख लिहायची राहिली ही चूक गटाची, आणि तारीखच नव्हती तर हप्ता चुकला कशावरून म्हणायचं?

परतफेडीच्या तारखांबद्दलही थोडं त्यांच्या बाजूने बोलते. मोटरीसाठी घेतलेलं कर्ज शेतीच्या पैशातून फिटणार, आणि लातूरकडे तो पैसा सोयाबीन निघाल्यावरच हातात येतो. त्यांना मार्चपासून दरमहा १,५०० अधिक व्याज द्यायला सांगणं हे मुळातच जड होतं. हप्ता कर्जाच्या कामाकडे बघून ठरवायचा असतो. शिलाई करणारीकडे दर आठवड्याला पैसा येतो, तिला मासिक हप्ता चालतो. शेतीवालीला पीक येईपर्यंत नुसतं व्याज आणि पीक विकल्यावर मुद्दलाचा मोठा भाग, हे सोपं पडतं. फक्त "सोयाबीन निघाल्यावर" ही तारीख होत नाही. सोयाबीन कधी निघतं, कधी विकलं जातं, भाव नाही म्हणून घरात किती दिवस पडून राहतं, याला अंत नाही. इतिवृत्तात महिना आणि दिवसच लिहायचा.

म्हणून ५ ऑगस्टच्या बैठकीत हा एक ठराव घ्या. शब्द तुमच्या सोयीने बदला, आकडे सगळ्यांसमोर पुन्हा तपासा:

*ठराव क्र. १. सभासद क्र. ७ यांना दि. ५ फेब्रुवारी रोजी विहिरीवरील मोटरीसाठी दिलेल्या रु. १५,००० (अक्षरी पंधरा हजार) कर्जाच्या परतफेडीच्या तारखा त्या सभेच्या इतिवृत्तात लिहायच्या राहिल्या होत्या. आज सर्व सभासदांची पासबुके, बँक पासबुक व पेटीतील रोकड यांचा मेळ घेण्यात आला. त्यावरून मार्चमध्ये मुद्दल रु. १,५०० व व्याज रु. ३०० जमा झाल्याचे सर्वांनी मान्य केले. दुसरा हप्ता दिल्याचे सभासद क्र. ७ यांचे म्हणणे आहे; तो जमा झाल्याचे आढळले नाही. आज बाकी मुद्दल रु. १३,५००. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिन्यांचे व्याज रु. १,३५० त्यांनी आज रोख भरले. दंड आकारू नये असे ठरले. पुढील परतफेड: ५ सप्टेंबर, ५ ऑक्टोबर व ५ नोव्हेंबर रोजी फक्त व्याज, प्रत्येकी रु. २७०. ५ डिसेंबर रोजी मुद्दल रु. ९,००० व व्याज रु. २७०. उरलेले रु. ४,५०० तीन हप्त्यांत: ५ जानेवारी रु. १,५९०, ५ फेब्रुवारी रु. १,५६०, ५ मार्च रु. १,५३०. हे सभासद क्र. ७ यांना वाचून दाखवले व मान्य आहे. सूचक सभासद क्र. २, अनुमोदक सभासद क्र. ५.*

"त्यांचे म्हणणे आहे" हे वाक्य कुणी काढा म्हणालं तरी काढू नका. इतिवृत्तात गटाचा निर्णय असतो तसं सभासदाचं म्हणणंही असतं. उद्या तो हप्ता घेणारी बाई आठवून पुढे आली, तर याच ओळीचा आधार लागेल. आणि क्रमांक मी फक्त इथं वापरलेत. वहीत प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि आडनावासकट. एका गावात, एका आडनावाच्या दोन मंगला सहज निघतात.

यापुढचं इतिवृत्त कसं लिहायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. बऱ्याच सचिव काय करतात, बैठकीत एका चिठ्ठीवर आकडे टिपतात, घरी जाऊन रात्री वहीत सुवाच्य अक्षरात उतरवतात आणि पुढच्या महिन्यात सह्या घेतात. नेमकी इथंच गडबड होते. चिठ्ठीवर "मोटर १५ ह." असतं आणि तारखेचं बोलणं हवेत राहतं. इतिवृत्त बैठकीतच, सगळ्याजणी समोर बसलेल्या असताना लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. चुकलं तर एक आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहा आणि शेजारी छोटी सही करा. पांढरा रंग लावून खोडू नका आणि पान फाडू नका. पानांना आजच पहिल्यापासून क्रमांक घाला.

तुमचं ऑगस्टचं इतिवृत्त साधारण कसं दिसेल ते लिहून दाखवते. समजा त्या दिवशी अकराजणी आल्या आणि एक माहेरी गेली आहे:

*सभा क्र. १५. दि. ५ ऑगस्ट, दुपारी २ वाजता, अंगणवाडीत. हजर ११, गैरहजर १ (सभासद क्र. १०, गावाला गेल्याने).*
*मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवले व कायम करण्यात आले.*
*सुरुवातीची पेटीतील शिल्लक: रु. २,६००. सर्वांसमोर मोजली.*
*आजची बचत: ११ × २०० = रु. २,२००. बाकी: सभासद क्र. १०, रु. २००.*
*कर्ज परतफेड: सभासद क्र. ४, तिसरा हप्ता, मुद्दल रु. १,०००, व्याज रु. ८०, बाकी मुद्दल रु. ३,०००. सभासद क्र. ७, व्याज रु. १,३५० (ठराव क्र. १ प्रमाणे), बाकी मुद्दल रु. १३,५००.*
*दंड: नाही.*
*शिलकेसह एकूण जमा: रु. ७,२३०.*
*कर्जमागणी: दोन. सभासद क्र. ११, शिलाई मशीन दुरुस्ती व कापड, रु. ५,०००. सभासद क्र. ६, घराचे पत्रे, रु. ८,०००. रोकड पुरेशी नसल्याने व शिलाईचे काम सणापूर्वी सुरू व्हावे म्हणून क्र. ११ ची मागणी आधी मंजूर. क्र. ६ ची मागणी सप्टेंबरच्या सभेत पहिली घ्यावी.*
*ठराव क्र. २. सभासद क्र. ११ यांना रु. ५,००० (अक्षरी पाच हजार) कर्ज. व्याज दरमहा शेकडा २, शिल्लक मुद्दलावर. पाच हप्ते: ५ सप्टेंबर रु. १,१००, ५ ऑक्टोबर रु. १,०८०, ५ नोव्हेंबर रु. १,०६०, ५ डिसेंबर रु. १,०४०, ५ जानेवारी रु. १,०२०. सूचक सभासद क्र. ३, अनुमोदक सभासद क्र. ९. रक्कम सभेत रोख दिली.*
*शेवटची शिल्लक: ७,२३० − ५,००० = रु. २,२३०. मोजली, बरोबर. पैकी रु. २,००० उद्या सभासद क्र. १ व क्र. ८ बँकेत भरतील. पावती पुढील सभेत दाखवतील. पेटी सभासद क्र. ८ कडे, किल्ली सभासद क्र. २ कडे.*

यात मला सर्वांत जास्त काळजी त्या दोन शिल्लक रकमांची वाटते, सुरुवातीची आणि शेवटची. जुलैची शेवटची शिल्लक हीच ऑगस्टची सुरुवातीची शिल्लक असली पाहिजे, आणि ऑगस्टची शेवटची ही सप्टेंबरची सुरुवातीची. बँकेत जे भरलं ते मध्ये वजा होईल, म्हणून सप्टेंबरला पेटीत २३० निघायला हवेत आणि सोबत २,००० ची पावती. हा दोरा एकदाही तुटला नाही तर तुमच्या गटात असा वाद परत उभा राहिला तरी दहा मिनिटांत मिटेल, कारण कोणत्या महिन्यात पैसे कमी किंवा जास्त झाले ते त्याच महिन्यात कळेल. चौदा महिन्यांचा मेळ आज मला घालावा लागला तो हा दोरा नव्हता म्हणून. आणि पेटी मोजून लिहा, वहीत बेरीज करून लिहू नका. वही म्हणते २,२३० आणि पेटीत २,१८० निघाले, तर २,१८० च लिहा, "रु. ५० कमी, शोध घेणे" असं पुढे लिहा आणि उठायच्या आधी शोधा. बहुतेक वेळा कुणाला तरी सुटे परत करताना चूक झालेली असते.

दुसरी गोष्ट मुद्दल आणि व्याज वेगळं लिहायची. "हप्ता १,०८० मिळाला" असं लिहिलं की चार महिन्यांनी बाकी किती हे कुणालाच सांगता येत नाही. दर वेळी परतफेडीच्या ओळीतच "बाकी मुद्दल" लिहून टाका. आणि व्याज शिल्लक मुद्दलावर की मूळ रकमेवर, हे ठरावात स्पष्ट हवं. पाच हजारावर पाच महिन्यांत शिल्लक मुद्दलाने ३०० व्याज होतं, मूळ रकमेवर धरलं तर ५००. दोनशे रुपयांचा हा फरक एका बाईची एका महिन्याची बचत आहे, आणि भांडणाला तेवढा पुरतो. तुमच्या गटात ऑक्टोबरच्या कर्जाचं व्याज ३०० आलं, म्हणजे तुम्ही शिल्लक मुद्दलावरच घेता. मग ते एकदा लिहून ठेवा.

तारखेबद्दल एक बारीक मुद्दा, जो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ५ तारखेला गावात काही दुःखद घडलं किंवा सण आला आणि बैठक ९ तारखेला झाली, तर हप्ता ५ ला देय की ९ ला? गटाने एकदाच ठराव करून ठेवावा की हप्ता बैठकीच्या दिवशी देय, बैठक पुढे गेली तर तारीखही तितकी पुढे जाईल आणि त्यावर दंड नाही. नाहीतर हीच चार दिवसांची उशिराची नोंद एखादीच्या नावावर थकबाकी म्हणून बसते. आणि याच ठरावात हेही घ्या की बचत असो वा हप्ता, पैसा फक्त बैठकीतच द्यायचा आणि घ्यायचा. जिला येता येणार नाही तिने दुसऱ्या सभासदाबरोबर बैठकीत पाठवावा. तिथं तो मोजला जाईल, वहीत "सभासद क्र. १० तर्फे क्र. ९ यांनी भरले" असं लिहिलं जाईल आणि पासबुकात त्याच क्षणी चढेल. पासबुकं सचिवाच्या घरी गठ्ठ्याने ठेवू नका. ज्या ताईंच्या पासबुकात हप्त्याचा रकाना कोरा राहिला, त्यांचं पासबुक मार्चमध्ये त्यांच्या हातात असतं तर त्यांनी तेव्हाच विचारलं असतं.

सह्यांचं एक बघा. शेवटची ओळ लिहून झाली की तिच्याखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारा, मग सगळं मोठ्याने वाचा, आणि त्यानंतरच सह्या घ्या. सह्या आधी घेऊन ठेवणं आणि मजकूर नंतर भरणं, हे मी चांगल्या चांगल्या गटांत पाहिलंय, घाई हेच कारण असतं. अंगठा लावणारीच्या अंगठ्याशेजारी तिचं नाव आणि "वाचून दाखवले" असं लिहून वाचणारीची सही घ्या. जी गैरहजर होती तिची सही त्या पानावर नंतर कधीच घ्यायची नाही. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं जातं तेव्हा तिला सगळं कळतं, तेवढं पुरे.

"सर्व महिलांनी बचत जमा केली" हे वाक्य मात्र आता सोडा. त्या दिवशी अकराजणी असतील तर ते चुकीचं ठरतं, आणि बाराजणी असल्या तरी त्यातून आकडा मिळत नाही. "आभार मानून सभा संपली" राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

बँकेकडे लगेच परत जाऊ नका. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर अशा तीन बैठकांची पानं या पद्धतीने लिहून झाली की जुनी वही तशीच घेऊन जा, सोबत रोकड वही, सभासदांची बचत-कर्ज नोंदवही आणि छापून घेतलेलं बँक पासबुक. साहेबांना ठराव क्रमांक १ चं पान स्वतःहून उघडून दाखवा आणि सांगा की आधी असं लिहीत होतो, इथं मेळ घेतला आणि इथून पुढे असं लिहितो. गटाचं मूल्यांकन करताना नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत दफ्तर ही पंचसूत्री बघितली जाते. तुमची पहिली तीन सूत्रं पक्की आहेत. चौथं त्यांना दिसत नव्हतं कारण पाचवं नव्हतं. बँकेचं कर्जही गटाच्या स्वतःच्या निधीच्या पटीत मिळतं, आणि तो निधी म्हणजे बचत अधिक जमलेलं व्याज. वहीत व्याज वेगळं लिहिलं नाही तर तेवढा निधी तुमचाच कमी दिसणार.

मेळ घालायच्या दिवशी तुमचा गट उमेदचा, म्हणजे त्याच जीवनोन्नती अभियानाचा, असेल तर गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताईंना आणि माविमचा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा, असेल तर तिथल्या सहयोगिनींना बोलवा. त्यांनी हिशेब करायचा नाही, नुसतं बसायचं. बाहेरचं माणूस असलं की आवाज चढत नाहीत.

आणि ५ ऑगस्टच्या आधी एक काम तुम्ही एकट्याने करा. ४ तारखेला बँकेत जाऊन पासबुक छापून आणा आणि तसंच त्या मोटरवाल्या ताईंच्या घरी जा. ६ मार्चची ५,२०० ची ओळ त्यांना दाखवा, तुमचा पहिला हप्ता इथं सापडला म्हणा. पाच महिने अकराजणी त्यांना "एकही दिला नाहीस" म्हणतायत. ही ओळ त्यांनी बैठकीत सगळ्यांच्या आधी पाहिलेली असू दे. दुसऱ्या हप्त्याचं त्यानंतर विचारा, आणि व्याजाचे १,३५० एकदम जमत नसतील तर तेही तेव्हाच कळेल, म्हणजे ठरावात त्याचे दोन भाग करून दोन तारखा घालता येतील.